तापले की किती विरघळते?

क्षार विरघळताना उष्णता शोषली गेली (ΔH धन), तर तापमानाबरोबर विद्राव्यता वाढते. उष्णता बाहेर पडली तर घटते. ΔH स्थिर मानल्यास:

ln(K₂/K₁) = (ΔH/R)(1/T₁ − 1/T₂)

उदाहरण: सिल्व्हर क्लोराइड, २५ ते ५० °से.

- ΔH ≈ +६५.५ किलोजूल/मोल; R = ८.३१४ जूल/(मोल·केल्व्हिन).
- २९८.१५ व ३२३.१५ केल्व्हिन घालून उजवी बाजू ≈ २.०४. म्हणून विद्राव्यता गुणाकार K सुमारे ७.७ पट.
- इथे K = s², म्हणून विद्राव्यता s फक्त √७.७ ≈ २.८ पट: लिटरला १.९ वरून ५.३ मिलिग्रॅम. वर्गमूळ विसरणे ही नेहमीची चूक.

सोऱ्यासारख्या भरपूर विरघळणाऱ्या क्षारांना हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. संहत द्रावणात आयन एकमेकांना ओढतात आणि ΔHही बदलते.