मापट्यावरची शीग

"आजी, जेवलीस का?"
"जेवले की."
"तब्येत?"
"हाय बरी."

पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी मी दोन-तीन महिन्यांनी जातो, आणि कित्येक वर्षं आमचं बोलणं इथेच संपायचं. मग मी मोबाइल काढायचो आणि आजी वाती वळायला घ्यायची. एकदा मी विचारलं, "आजी, तुमच्या काळी कसं होतं गं?" ती म्हणाली, "कसं असणार? होतं तसंच." तिचं काही चुकलं नाही. चौऱ्याऐंशी वर्षं एका वाक्यात कुणी सांगावीत?

पुढच्या खेपेला माळ्यावरून एक काळवंडलेलं पितळी मापटं खाली आलं. ते कशाचं, एवढंच मी विचारलं. आजीने ते हातात घेतलं, पदराने पुसलं. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे तिने एका दमात सांगितलं. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं आणि मग दोन, तीन. ते का, हे सांगताना सासू आली, सासूचा कडक स्वभाव आला आणि उसनं नेलेलं परत करताना सपाट माप घालणारी शेजारीणही आली. पाऊण तास गेला.

काळाबद्दल विचारलं की आजी गप्प होते, वस्तूबद्दल विचारलं की बोलते, हे मला तेव्हा कळलं. कोणत्या काळातली वस्तू, यालाही महत्त्व आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी जास्त ठळक उरतात, असं मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळलं आहे; लग्न, सासर, पहिलं मूल असं बरंच काही त्याच वर्षांत पहिल्यांदा घडतं. म्हणून मी आजीचं वय मांडून पाहिलं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर झाले, आणि आण्याचे सहा नवे पैसे घ्यायचे की सात, यावरून दुकानात कशी हुज्जत व्हायची ते ती आजही अभिनयासकट सांगते.

आता धीराचं. आमच्यातला अर्धा वैताग स्वभावाचा नव्हता, कानाचा होता. "पुण्याहून यायला चार तास लागले," असं मी म्हणालो की ती घाबरून विचारायची, "ताप? कुणाला?" म्हातारपणी बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. स, श, फ यांसारखे बारीक आवाज गळतात आणि स्वर मात्र पोचतात. मग ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडल्याने स्वरच मोठे होतात, आणि आजीला वाटतं नातू चिडलाय. आता मी टीव्ही बंद करतो, तोंडावर उजेड पडेल असा समोर बसतो आणि सावकाश, जरा खालच्या पट्टीत बोलतो. तरी नाही कळलं तर तेच शब्द पुन्हा न घोकता वाक्य बदलतो: "सकाळी निघालो, दुपारी पोचलो." प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजतो. पूर्वी चौथ्या आकड्यालाच मी पुढचा प्रश्न टाकायचो, आणि तिचं जुळत आलेलं उत्तर मोडायचं. (कानात मळ साठला होता, हेही नंतर डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. ते आधीच करायला हवं होतं.)

तीच ती गोष्ट पुन्हा सुरू झाली की मात्र खरी कसोटी. आमच्याकडे ती गोष्ट कोयनेच्या भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, भांडी फळीवरून खाली, आजोबांनी पोरांना उचलून अंगणात आणलं. "सांगितलंयस गं," असं म्हटलं की तिचा चेहरा पडतो. म्हणून एकदा गोष्टीच्या कडेचं विचारलं: "मग त्या रात्री झोपलात कुठं?" ती थांबली. मग खळ्यावर बांधलेलं पाल निघालं, मार्गशीर्षातली थंडी निघाली, आणि घरात पाऊल टाकायला तयार नसलेले, एरवी कुणाला न भिणारे आजोबा निघाले. हे घरात कुणीच ऐकलं नव्हतं.

प्रत्येक दार असं उघडत नाही. तिच्या गेलेल्या मुलीचा विषय निघाला की ती वातींकडे वळते, आणि मीही कापूस पिंजायला घेतो. आणि जुनी गोष्ट महिन्याने पुन्हा सांगणं वेगळं, एकच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं किंवा रोजच्या वाटेवर चुकणं वेगळं. तसं दिसलं तर ते वयावर ढकलू नये, डॉक्टरांना दाखवावं.

गेल्या खेपेला मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन गेलो. मापटंभर तांदूळ त्यावर ठेवला. आकडा बघून आजीने चष्मा सरळ केला आणि मापट्यावर आणखी मूठभर तांदूळ ओतला, दाणे कडेने घरंगळेपर्यंत.

"ही शीग. देणाऱ्याच्या मनाची. तुझ्या काट्याला कळती का?"

मी काटा शून्यावर आणला आणि पुन्हा मोजायला घेतलं. "लाभ," ती म्हणाली.