बाळंतपणानंतरचे वजन कशाशी ताडायचे?

बाळंतपणानंतर ‘उरलेले वजन’ (गरोदरपणात वाढलेल्यापैकी न उतरलेला भाग) गरोदरपणाआधीच्या वजनाशी ताडून काढतात. प्रसूतीनंतर किती किलो उतरले, हा वेगळा आकडा आहे. त्यांची गल्लत सर्रास होते. समजा, आधी 52 किलो, प्रसूतीच्या वेळी 63 आणि सहा महिन्यांनी 55. म्हणजे आठ किलो उतरले, पण उरलेले वजन तीन किलो.

सुटे तेल घेताना दुकानदार आधी रिकामा डबा तोलतो. थोडे तेल ओतून झाल्यावर डबा तोलला, तर हिशेबात तेल कमी दिसेल. इथेही तसेच होते. याच बाईची नोंदणी पाचव्या महिन्यात झाली आणि कार्डावर पहिले वजन 55 लिहिले गेले, तर उरलेले वजन शून्य दिसेल. म्हणून आधीचे वजन माहीत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांतले धरावे. तोवर वाढ सहसा थोडीच असते.

बाळ, वार (प्लॅसेंटा) आणि गर्भजल मिळून पाचेक किलो प्रसूतीतच कमी होतात. अंगात साठलेले जादा पाणी पुढच्या काही आठवड्यांत उतरते. चरबी मात्र सावकाश जाते. त्याला सहसा सहा ते बारा महिने लागतात. सव्वा महिन्यात जुने कपडे झाले नाहीत, तर त्यात काही बिघडलेले नसते. वर्षानंतरही एक-दोन किलो उरणे अनेकींच्या बाबतीत घडते. पाच किलोंहून अधिक उरले असतील, तर डॉक्टरांशी बोलावे. थायरॉइडचा त्रासही तपासता येतो.