दार उघडण्याआधी

न्यूयॉर्कमधल्या वॉट्स स्ट्रीटवरच्या ६२ क्रमांकाच्या तीन मजली घरात २८ मार्च १९९४ रोजी लागलेली आग तशी अगदी किरकोळ होती. खालच्या फ्लॅटमधला भाडेकरू संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी बाहेर पडला. जाताना त्याने कचऱ्याची प्लास्टिकची पिशवी गॅसच्या शेगडीवर ठेवली होती. शेगडीतली छोटी पायलट ज्योत चालूच होती. पिशवीने पेट घेतला आणि आग ओट्यावर व तिथून घरात पसरली. पुढे मात्र ती वाढली नाही, घुसमटली. इमारत जुनी असली तरी नूतनीकरणात भिंतींना उष्णतारोधक अस्तर लावलेले होते आणि खिडक्या-दारांच्या फटी बुजवलेल्या होत्या. हवेला वाट होती ती फक्त शेकोटीच्या धुराड्याची. ७ वाजून ३६ मिनिटांनी अग्निशमन दलाला फोन गेला, तोही धुराड्यातून धूर आणि ठिणग्या निघताहेत एवढाच.

बंद खोलीतली आग दोन तऱ्हांनी अचानक भडकते. इंग्रजीतली नावे आपल्या अग्निशमन दलांतही रुळली आहेत : फ्लॅशओव्हर आणि बॅकड्राफ्ट. नवा जवान बरेचदा या दोघांची गल्लत करतो. दोन्हींत खोली क्षणात पेटते, म्हणून ते साहजिकही आहे. पण एकीत कमी पडलेली असते ती उष्णता, दुसरीत हवा.

आधी फ्लॅशओव्हर पाहू. सोफा पेटतो. त्याचा तापलेला धूर वर चढतो, छताखाली साचतो आणि थर जाड होत खाली उतरू लागतो. हा धूर म्हणजे नुसती काजळी नव्हे. त्यात न जळलेले वायू असतात, म्हणजे तो स्वतःच इंधन असतो. थराचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की त्याची धग खाली सगळीकडे लागते. ज्याला ज्वाळेने स्पर्शही केलेला नाही असे टेबल, गालिचा, पडदे वाफाळू लागतात, त्यांतून ज्वलनशील वायू निघतो आणि मग खोलीतले सगळेच एकदम पेटते. पूर्ण पोशाख आणि श्वसनयंत्र घातलेला जवानही त्या खोलीत काही सेकंदच तग धरू शकतो. अमेरिकेतल्या यूएल या चाचणीसंस्थेने दोन दिवाणखाने जाळून पाहिले. लाकूड, सुती कापड अशा जुन्या पद्धतीच्या सामानाची खोली या टप्प्याला यायला एकोणतीस मिनिटांहून अधिक वेळ लागला. फोमच्या गाद्या आणि कृत्रिम कापडाची आजची खोली चार मिनिटांच्या आतच तिथे पोहोचली. बंब येईपर्यंत ही वेळ बहुधा टळून गेलेली असते किंवा जवान आत शिरताना नेमकी येते.

तिची चाहूल अंगाला लागते. गरमी इतकी झपाट्याने वाढते की उभे राहणे तर सोडाच, गुडघ्यावरही राहवत नाही. धुराचा थर भराभर खाली येतो. डोक्यावरच्या धुरात ज्वाळांच्या जिभा दिसू लागतात, क्षणभर लवलवतात, विझतात आणि मग छताखालून दाराकडे लोळत येतात. आगीपासून दूर असलेल्या सामानातून वाफेसारखा धूर निघताना दिसला तर वेळ जवळजवळ संपलेली असते. तेव्हा ज्वाळेच्या मुळाशी पाणी मारण्यापेक्षा वरच्या धुरावर बारीक फवाऱ्याचे छोटे झटके देऊन तो थंड करायचा, आणि तेही जमत नसेल तर बाहेर पडून दार लोटून घ्यायचे. लांबलचक धार मारत राहिले तर इतकी वाफ होते की मारणाराच भाजतो.

बॅकड्राफ्टची खोली याच्या उलट, शांत असते. आगीने आतला प्राणवायू संपवत आणलेला असतो. साधारण पंधरा टक्क्यांच्या खाली ज्वाळा मंदावतात, पण निखारे धुमसतच राहतात आणि खोली जळू शकणाऱ्या धुराने भरत जाते. ओल्या लाकडांची चूल नुसती धुरकटत असते आणि फुंकणीची एक फुंकर बसताच भक्कन पेटते, तसेच हे आहे. इथे ती फुंकर म्हणजे उघडलेले दार. थंड हवा जड असल्याने जमिनीलगत आत घुसते, गरम धूर वरून बाहेर पडतो, आणि दोहोंच्या सीमेवर मिश्रण होते. ते निखाऱ्यापर्यंत पोहोचले की पेटते आणि पेटता झोत दारातून बाहेर येतो. दार उघडणे आणि झोत येणे यांत काही सेकंद जातात, मोठ्या जागेत काही मिनिटेही. ‘उघडले, काही झाले नाही’ म्हणून आत शिरणाऱ्याला हाच वेळ फसवतो.

वॉट्स स्ट्रीटवर नेमके हेच झाले. जवानांच्या दोन तुकड्या आत गेल्या. एक खालच्या फ्लॅटच्या दाराशी थांबली, दुसरी कोणी अडकले आहे का पाहायला जिन्याने वर गेली. दार तोडताच आतून कोमट हवेचा झोका बाहेर आला आणि पाठोपाठ बाहेरची हवा आत खेचली गेली. मग ज्वाळा बाहेर पडली. दाराशी असलेले जवान खाली वाकून तिच्याखालून निसटले. ज्वाळा वर गेली ती थेट जिन्यात. तिथले तिघे तिच्यात सापडले आणि पुढे तिघेही गेले. त्यांतले कॅप्टन जॉन ड्रेनन चाळीस दिवस झुंजले. ज्वाळा जिन्यात सुमारे साडेसहा मिनिटे पेटती राहिली.

एवढा वेळ जळायला इंधन आले कुठून, हे दलाला कळेना. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले (निस्ट) रिचर्ड बुकोव्स्की यांनी संगणकावर त्या आगीचे गणित मांडले. त्यात तापमान आधी ३०० अंशांपर्यंत चढले आणि प्राणवायू घटत गेला तसे १०० अंशांच्याही खाली उतरले. साठलेल्या धुरातले इंधन मात्र तेवढ्या मिनिटांना पुरेल इतके निघाले. मला या प्रकरणात सर्वात अस्वस्थ करते ते हे तापमानच. दाराला हाताची मागची बाजू लावून पाहा, असे प्रत्येक जवानाला शिकवतात. ते योग्यच आहे, पण दार फारसे गरम नाही म्हणजे आत धोका नाही, असे या आगीनंतर कोण म्हणेल?

म्हणून एका खुणेवर विसंबून चालत नाही. धूर भरपूर पण ज्वाळा दिसत नाही. काचा आतून काळ्या, तेलकट ओघळांच्या आणि तापलेल्या. फटींतून धूर एका संथ रेषेत न येता धापा टाकल्यासारखा येतो, बाहेर पडतो आणि पुन्हा आत ओढला जातो. कधी शिट्टीसारखा आवाज येतो, कधी काच थरथरते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे जागा किती वेळ बंद आहे. दारावर थोडे पाणी मारले की ते कुठवर झटकन वाळते त्यावरून आतला गरम थर किती खाली आला आहे याचा अंदाज येतो. खुणा जुळल्या तर दार उघडण्याआधी शक्य तेव्हा बाहेरून, उंचावर, धुराला वाट करून देतात. दार उघडायचेच असेल तर भरलेला पाइप हातात, दोघे एका बाजूला खाली बसलेले, दार जेमतेम किलकिले करून आत दोन-तीन फवारे, पुन्हा बंद, आणि थांबायचे. जिन्यात, त्या दाराच्या वर, कोणी नसावे.

हे जवानांचे काम. पण दार पहिल्यांदा उघडतो तो बहुतेक वेळा शेजारी, वॉचमन किंवा दुकानाचा मालक. काचेने बंदिस्त एसी ऑफिसात किंवा शटर ओढलेल्या दुकानात धूर कोंडलेला दिसला, फटींतून तो आत-बाहेर होताना दिसला, तर कुलूप काढायला धावू नका. जिना रिकामा करा, १०१ वर फोन करा आणि बंब आल्यावर जागा किती वाजल्यापासून बंद आहे आणि आत कोणी आहे का, हे सर्वांत आधी सांगा.