रॅकवरचा कोणता माल हलत नाही?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत फिरलं, की बिडाचं ओतकाम करणाऱ्या फाउंड्र्या एकीला लागून एक दिसतात. अशा फाउंड्रीचं स्टोअर म्हणजे नुसती सामानाची खोली नव्हे. मालकाचे किंवा बँकेचे पैसे तिथे पोती आणि ड्रम यांच्या रूपात पडून असतात. माल भट्टीकडे किंवा साच्याकडे गेला, त्याचं कास्टिंग झालं आणि ते विकलं गेलं, तरच ते पैसे परत येतात. म्हणून स्टोअरमधल्या प्रत्येक मालाबद्दल एक प्रश्न विचारावा लागतो : हा किती वेगाने बाहेर पडतो?

हा वेग मोजायला दोन सोपे हिशोब आहेत. वर्षभरात वापरलेल्या मालाच्या किमतीला सरासरी साठ्याच्या किमतीने भागलं, की साठा वर्षात किती वेळा फिरला ते कळतं. याला उलाढाल गुणोत्तर म्हणतात. ३६५ ला त्या गुणोत्तराने भागलं, की साधारण किती दिवसांचा साठा हाताशी असतो ते कळतं. वापर काढण्यासाठी सुरुवातीच्या शिल्लकेत वर्षाची खरेदी मिळवायची आणि अखेरची शिल्लक वजा करायची. सुरुवातीच्या आणि अखेरच्या शिलकेची बेरीज करून निम्मी केली, की सरासरी साठा मिळतो. यात सगळे आकडे खरेदीच्या किमतीचे हवेत. वापराच्या जागी विक्रीचा आकडा घातला, तर त्यात नफाही शिरतो आणि माल आहे त्यापेक्षा वेगाने फिरतो असं वाटू लागतं.

उदाहरणासाठी एक छोटी फाउंड्री धरू आणि तिच्या स्टोअरमधले तीनच जिन्नस घेऊ. ओतण्याच्या वेळी वितळलेल्या बिडात घालायचं फेरोसिलिकॉन, वाळूला चिकटपणा आणणारं बेंटोनाइट आणि कास्टिंगमधली पोकळी तयार करणारे कोअर बनवायला लागणारं रेझिन. तिन्ही मिळून वर्षाचा वापर २४ लाख रुपयांचा आणि सरासरी साठा ४ लाखांचा आहे. म्हणजे गुणोत्तर ६ आणि साठा ६१ दिवसांचा. मालकाला हा आकडा ठीक वाटेल, आणि बहुतेक ठिकाणी चौकशी इथेच थांबते.

आता जिन्नस वेगवेगळे करून पाहू. फेरोसिलिकॉनचा वापर १२ लाख आणि सरासरी साठा ७५ हजार. गुणोत्तर १६, साठा २३ दिवसांचा. बेंटोनाइटचा वापर १० लाख ४० हजार, सरासरी साठा सव्वा लाख. गुणोत्तर ८च्या थोडं वर, साठा ४४ दिवसांचा. रेझिनची सुरुवातीची शिल्लक १ लाख ८० हजार, खरेदी २ लाख, अखेरची शिल्लक २ लाख २० हजार. म्हणजे वापर १ लाख ६० हजार आणि सरासरी साठा २ लाख. गुणोत्तर ०.८ आणि साठा तब्बल ४५६ दिवसांचा.

एकूण वापरात रेझिनचा वाटा पंधराव्या हिश्शाइतकाच आहे, पण साठ्यात अडकलेले निम्मे पैसे त्याच्यात आहेत. बाकीचे दोन जिन्नस भराभर फिरत असल्यामुळे एकत्रित ६१ दिवसांच्या आकड्यात हे झाकलं गेलं. सावकाश हलणारा माल शोधायचा असेल, तर गुणोत्तर अख्ख्या स्टोअरचं नव्हे, जिन्नसवार काढायला हवं, ते यासाठीच.

पण ४५६ हा आकडा कशाशी ताडून पाहायचा? रेझिनच्या बाबतीत उत्तर ड्रमवरच छापलेलं असतं. या ड्रमवर सहा महिन्यांची मुदत आहे असं धरू. मुदत सुमारे १८० दिवसांची आणि साठा त्याच्या अडीचपट. जुना ड्रम आधी काढायचा नियम कितीही काटेकोर पाळला, तरी काही ड्रम बाद होणारच. मुदत नसलेल्या मालाला दुसरं माप लागतं : ऑर्डर दिल्यापासून माल दारात यायला किती दिवस लागतात? पंधरा दिवसांत मिळणाऱ्या वस्तूचा वर्षभराचा साठा करण्याचं सहसा काही कारण नसतं.

आता रेझिनचं बिन कार्ड उघडू, म्हणजे रॅकला लटकवलेलं आवक-जावकेचं कार्ड. एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत खरेदी दीड लाखाची आणि वापरही दीड लाखाचा, त्यामुळे शिल्लक १ लाख ८० हजारांवर कायम. म्हणजे सगळं सुरळीत चाललं होतं तेव्हाही जवळजवळ अकरा महिन्यांना पुरेल इतका माल पडून होता. दुखणं जुनंच होतं. जानेवारी ते मार्चमध्ये मात्र वापर १० हजारांवर आला. ज्या पंपाच्या भागासाठी हे कोअर लागत, त्याचं काम डिसेंबरात थांबलं होतं. खरेदी विभागाला ते कोणी कळवलं नाही आणि दर तिमाहीला ५० हजारांचा माल यायचा तसा येत राहिला.

वर्षाच्या सरासरीत हा बदल नीट दिसत नाही, कारण आधीच्या नऊ महिन्यांचा वापर त्यात मिसळलेला असतो. म्हणून संशय आलेल्या जिन्नसासाठी आणखी एक हिशोब करावा : आजच्या शिलकेला गेल्या तीन महिन्यांच्या वापराने भागायचं आणि ९० ने गुणायचं. २ लाख २० हजार भागिले १० हजार, गुणिले ९०. उत्तर येतं १,९८० दिवस, जवळजवळ साडेपाच वर्षं. याच गतीने मुदतीच्या सहा महिन्यांत फार तर २० हजारांचं रेझिन वापरलं जाईल. उरलेल्या २ लाखांच्या मालाचा निर्णय आजच घ्यायला हवा : पुढची ऑर्डर थांबवणं, न उघडलेले ताजे ड्रम पुरवठादार परत घेतो का ते विचारणं, किंवा तेच रेझिन वापरणाऱ्या शेजारच्या फाउंड्रीला देणं. मुदत उलटली की यातला पहिला मार्ग सोडून बाकीचे बंद होतात.

हे गुणोत्तर वापरताना दोन ठिकाणी गफलत होते. पहिली सरासरीत. पुष्कळ कारखाने ३१ मार्चला साठा मुद्दाम खाली आणतात. फक्त वर्षाची दोन टोकं धरली, तर सरासरी खोटी लहान येते आणि गुणोत्तर फुगतं. बाराही महिनाअखेरच्या शिलका घेतल्या की चित्र सुधारतं. दुसरी गफलत सुट्या भागांत होते. भट्टीची जादा कॉइल किंवा क्रेनचा गिअरबॉक्स तीन वर्षं जागचा हलत नाही, त्याचं गुणोत्तर शून्य येतं. तरीही तो भंगारात काढायचा नसतो. ती कॉइल नसेल, तर बिघाडाच्या दिवशी अख्खी फाउंड्री बंद पडते. असे भाग वेगळ्या यादीत ठेवावेत आणि त्यांची तपासणी यंत्राच्या गरजेप्रमाणे करावी. ते यंत्रच विकलं गेलं असेल, तर मात्र भागही काढून टाकावा.

उलट, गुणोत्तर फार वर गेलं तर तेही तपासावं. फेरोसिलिकॉनचा २३ दिवसांचा साठा माल दहा दिवसांत मिळत असेल तर पुरेसा आहे. पुरवठ्याला महिना लागू लागला, तर मात्र त्याच आकड्यावर ओतकाम थांबेल.

स्टोअरकीपरने दर तिमाहीला जिन्नसवार यादी करावी : शिल्लक, तीन महिन्यांचा वापर, किती दिवसांचा साठा आणि माल शेवटचा कधी दिला ती तारीख. दिवसांच्या उतरत्या क्रमाने ती लावली, की वरची दहा-पंधरा नावं पुरेशी होतात. माल का अडकला हे गुणोत्तर सांगत नाही. ते उत्पादन आणि खरेदी विभागांना समोरासमोर बसवूनच कळतं, आणि ती यादी दोघांच्याही हातात दिली तर पुढच्या तिमाहीची नको असलेली ऑर्डर निघण्याआधीच थांबते.