कचेरीतली पत्रं : निर्णय लांबला, हे कळवताना

मागच्या आठवड्यात आपण मुलाखतीला बोलावणारी मेल पाहिली. आता त्यापुढची अडचण. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टरची शेवटची फेरी झाली. ‘सोमवारपर्यंत कळवतो,’ असं उमेदवाराला सांगून झालं, आणि मार्चअखेरच्या धावपळीत फायनान्सने नव्या जागेची मंजुरी एप्रिलवर ढकलली. अशा वेळी एचआरकडून ठरलेली ओळ जाते : ‘प्रक्रिया सुरू आहे, लवकरच कळवू.’

या ओळीतून कुणी नकार वाचतो, कुणी होकार. होकार वाचणाऱ्याचं नुकसान जास्त. आयटीत ९० दिवसांची नोटीस अनेकांच्या मानगुटीवर असते आणि ती ऐकली की नवी कंपनी नाक मुरडते, हे उमेदवाराला ठाऊक असतं. म्हणून ऑफरची चाहूल लागताच तो राजीनामा टाकून मोकळा होतो. त्यामुळे मेल अशी हवी :

‘नमस्कार. सोमवारी निर्णय कळवतो, असं म्हटलं होतं. तो सोमवारपर्यंत होणार नाही. मुलाखत घेणाऱ्यांचं मत तुमच्या बाजूने आहे. पेमेंटच्या भागासाठी तुम्ही सांगितलेली टेस्टिंगची पद्धत त्यांना आवडली. मात्र या जागेचा खर्च अजून मंजूर झालेला नाही, आणि तो होईलच असं मी आज सांगू शकत नाही. निर्णय होवो वा न होवो, १० एप्रिलला मी तुम्हाला लिहीन. लेखी ऑफर हातात येईपर्यंत कृपया राजीनामा देऊ नका. दुसरीकडून ऑफर आली, तर तिची मुदत मला कळवा. तोवर आमचं उत्तर मिळेल का, हे विचारून सांगेन.’

ही मेल शुक्रवारीच जायला हवी. मंगळवारी गेली तर ती खुलासा ठरते. १० एप्रिल ही तारीख निर्णयाची नाही, लिहिण्याची आहे. मंजुरी फायनान्सच्या हातात, लिहिणं आपल्या. म्हणून शब्द द्यायचा तो लिहिण्याचाच. उमेदवाराला धरून ठेवतं ते पेमेंटचं वाक्य. ‘तुमची प्रोफाइल उत्तम आहे’ हे तो दहा ठिकाणी ऐकून आलेला असतो.

खरी कसोटी उमेदवार दुसऱ्या पसंतीचा असतो तेव्हा. पहिल्याला ऑफर गेली आहे, तो हो म्हणतो की नाही याची वाट पाहणं चालू आहे. इथे बजेटचं कारण पुढे करणं म्हणजे सरळ खोटं. पहिल्याची गोष्ट उघडही करता येत नाही. मग एवढंच लिहावं : ‘आणखी एका उमेदवाराची प्रक्रिया पूर्ण व्हायची आहे. तुमचा विचार अजून चालू आहे, पण निवड झालेली नाही.’ वाचणारा काय ते समजतो, आणि त्याने समजावंच.

१० तारखेलाही मंजुरी नसेल, तर आणखी एक तारीख देऊन ताणू नये. जागा ‘होल्ड’वर गेली आहे असं लिहावं आणि उमेदवाराला मोकळं करावं. आणि फोनवर ‘झालंच समजा हो’ म्हणायची सवय असेल, तर ती आधी सोडा. राजीनामा देताना उमेदवार तुमची मेल पुन्हा वाचत नाही, त्याला ते फोनवरचं वाक्य आठवतं.