जोडीदाराचा ख्याल आणि आपला कंटाळा

ख्यालगायनाची मैफल ज्याला रुचत नाही, त्याची अडचण बहुधा पहिल्या पंधरा मिनिटांतच स्पष्ट होते. विलंबित लयीत गायक एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतो, शब्द नीट कळत नाहीत आणि काही घडतंय असंही वाटत नाही. शेजारी बसलेली पत्नी मात्र मध्येच मान हलवते, ‘क्या बात है’ म्हणते. अशा वेळी नवऱ्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. एक म्हणजे तिच्या पाठोपाठ आपणही मान हलवायची, दुसरा म्हणजे खिशातला फोन बाहेर काढायचा. पहिल्या मार्गाने फसवणूक होते आणि ती लपतही नाही. गाण्यात दादेची जागा ठरलेली असते. समेच्या अर्धा क्षण आधी किंवा नंतर दिलेली दाद जाणकाराला लगेच कळते, आणि पत्नी जाणकार असते.

एखादी गोष्ट आवडणे आणि तिच्यात रस वाटणे या दोन भावना वेगळ्या आहेत. रस या भावनेचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल सिल्व्हिया यांच्या मांडणीनुसार रस वाटायला दोन गोष्टी लागतात: समोरचे काहीतरी नवे किंवा गुंतागुंतीचे असले पाहिजे, आणि ते आपल्याला समजू शकेल असे वाटले पाहिजे. ख्याल गुंतागुंतीचा असतोच. नवख्याकडे दुसरी गोष्ट नसते. पुढे काय होणार याचा त्याला अंदाज येत नाही, म्हणून अपेक्षा नसते, आणि अपेक्षा नसल्यामुळे ती पुरी झाल्याचे सुखही मिळत नाही. तेव्हा उत्साह आणण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा कानाला एक खूण मिळवून देणे उपयोगी पडते. ख्यालात ही खूण म्हणजे सम.

ताल हे ठरावीक मात्रांचे आवर्तन असते आणि त्याची पहिली मात्रा म्हणजे सम. आवर्तनाच्या मधल्या भागात गायक स्वरांशी मोकळेपणाने खेळतो. शेवटाकडे येताना तो बंदिशीच्या सुरुवातीच्या शब्दांवर परततो. या शब्दांना मुखडा म्हणतात. मुखडा घेत तो समेवर येतो आणि त्याच क्षणी तबलाही समेवर पोचतो. श्रोत्यांची मान हलते ती बहुधा इथे. विलंबित एकतालात बारा मात्रा असतात. लय फार संथ असेल तर एका आवर्तनाला पाऊण मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून नवख्याला धागा सापडत नाही. मात्र ठेक्यात एक सोपी खूण आहे. ‘तिरकिट’ हा बोल एका आवर्तनात दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. दुसऱ्या तिरकिटनंतर दोन मात्रा गेल्या की सम. दोन तिरकिटांतला कोणता पहिला आणि कोणता दुसरा हे सुरुवातीला कळत नाही, पण मुखड्याचे शब्द ऐकू आले की शंका मिटते.

विलंबित जड वाटत असेल तर तीनतालातल्या द्रुत बंदिशीपासून सुरुवात करावी. तिथे सोळा मात्रांचे आवर्तन काही सेकंदांतच फिरते आणि सम वारंवार भेटते. पत्नीने घरी एखादे ध्वनिमुद्रण लावून समेवर फक्त बोट टेकवून दाखवले, तरी दहा मिनिटांत कान सरावू लागतो. निवड करताना लांबीकडे पाहावे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे त्या काळच्या मोठ्या गायकांना सगळा विचार तेवढ्यात बसवावा लागे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी अशीच छोटी आहे. १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्ण तबकडीत तिचा समावेश झाला. ज्याला गाणे रुचत नाही, त्यालाही ही हकिगत कुतूहलाची वाटू शकते आणि तिथून बोलणे सुरू होऊ शकते.

खरी परीक्षा मैफलीत होत नाही, ती घरी परतल्यावर होते. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक गोष्ट दिसली: जोडीदाराने सांगितलेल्या चांगल्या अनुभवाला आपण कसा प्रतिसाद देतो, त्याचा नात्यातल्या समाधानाशी जवळचा संबंध असतो. पत्नी एकटीच मैफलीला जाऊन आली आणि म्हणाली, “आज मारवा काय झाला!” त्यावर “वा, छान” म्हटले की विषय तिथेच मिटतो. “दीड तास एकच राग?” असे म्हटले तर तिच्या आनंदावर पाणी पडते. ज्याला गाणे कळत नाही असा माणूसही विचारू शकतो, “मारव्यात असं काय असतं?” ती सांगते, की या रागात पंचम नसतोच आणि षड्ज फार जपून लावतात, म्हणून सूर्यास्ताच्या वेळची एक बेचैनी त्यात जाणवते. पुढचा प्रश्न या उत्तरातून यायला हवा: “मग आज षड्ज लागला तेव्हा कसं वाटलं?” हा प्रश्न ऐकल्याशिवाय सुचतच नाही, त्यामुळे तो खोटा असू शकत नाही. आधीच्या उत्तरावर बेतलेले प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडतात, हे हार्वर्डच्या संशोधकांच्या २०१७च्या अभ्यासातही आढळले. इथे नवऱ्याला मारवा आवडायची गरज नाही. मारवा तिला काय देतो हे कळले की पुरे.

बिघडते ते दोन ठिकाणी. थोडे कळायला लागले की काहींना परीक्षकाची हुक्की येते. ते गायकाच्या चुका काढू लागतात, किंवा प्रत्येक रागाचे नाव विचारून तिचे ऐकणेच तोडतात. गाणे चालू असताना प्रश्न राखून ठेवावेत. दुसरी चूक रसिक जोडीदाराची. विचारलेल्या एका प्रश्नाला ती घराण्यांच्या इतिहासाने उत्तर देते, आणि पुढच्या वेळी प्रश्नच येत नाही. एका वेळी एकच खूण द्यावी.

किती सोबत करायची यालाही मर्यादा असावी. ड्वेन क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांचा काही वर्षे मागोवा घेऊन २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवऱ्याला आवडणाऱ्या पण स्वतःला न आवडणाऱ्या गोष्टींत वेळ घालवणे आणि बायकोचे असमाधान यांचा संबंध आढळला. उलट बाजूनेही सावध राहिलेले बरे. पुण्यात १९५३ पासून होणारा सवाई गंधर्व महोत्सव हे चांगले उदाहरण आहे. अनेक दिवस चालणाऱ्या या महोत्सवाची सगळी सत्रे ओढूनताणून ऐकलेला नवरा पुढच्या डिसेंबरात नावही काढू देत नाही. त्यापेक्षा आधीच सांगावे, “मी पहिल्या गायिकेचा ख्याल ऐकेन, मग बाहेर चहा घेऊन येईन; तू शेवटपर्यंत बस.” खुर्ची कडेची घ्यावी, आणि उठायचे ते राग संपल्यावर, मध्येच नाही. समेवर मान हलली नाही तरी बिघडत नाही. दाद न देता शांत ऐकणारा श्रोता कोणत्याही मैफलीत चालतो.