सांध्यात उरणारी रेघ

एका वेबपानावर काळ्या रंगाचे आठ चौकोनी ठोकळे एकाखाली एक रचले आहेत. हे चित्र एसव्हीजी प्रकारचे, म्हणजे आकड्यांत लिहिलेले आहे. प्रत्येक ठोकळ्याची उंची 50 आणि पहिला संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. करणाऱ्याच्या पडद्यावर सलग काळी पट्टी दिसते. तेच पान दुसऱ्या लॅपटॉपवर उघडले की पट्टीत चार करड्या आडव्या रेघा उमटतात. आकडे पुन्हा तपासले तरी चूक सापडत नाही, कारण आकड्यांत चूक नाहीच.

फरक पडद्याचा आहे. जुन्या पडद्यांवर चित्रातला एक पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, असा सरळ हिशोब होता. 2010 साली आलेल्या आयफोन 4 मध्ये एका इंचात 326 ठिपके बसले आणि चित्रातल्या एका पिक्सेलला दोन ठिपक्यांची रुंदी, दोनांची उंची मिळू लागली. दुपटीत अडचण नसते. अडचण येते ती अपूर्णांकांत. विंडोजच्या अनेक लॅपटॉपवर अक्षरे वाचण्याजोगी दिसावीत म्हणून सगळे 125 टक्के मोठे केलेले असते, तर काही अँड्रॉइड फोनवर हे प्रमाण चक्क 2.625 असते.

आता 125 टक्क्यांवर आपली पट्टी मोजू. 50 × 1.25 = 62.5. पहिला ठोकळा साडेबासष्ट ठिपक्यांवर संपायला हवा, पण अर्धा ठिपका पेटवता येत नाही. म्हणून कडा दातेरी दिसू नयेत यासाठी संगणक एक युक्ती वापरतो: ठिपका जेवढा झाकला असेल तेवढाच रंग त्यात मिसळतो. त्रेसष्टावा ठिपका निम्मा झाकलेला, म्हणून त्यात निम्मा काळा आणि मागचा निम्मा पांढरा. मग दुसरा ठोकळा येतो. तोही याच ठिपक्याचा अर्धा भाग झाकतो, म्हणून समोर असलेल्या रंगाचा निम्मा काळा करतो. उरलेल्या 50 टक्के पांढऱ्यातला निम्मा जातो आणि 25 टक्के शिल्लक राहतो. हीच ती करडी रेघ.

खरे तर वरचा अर्धा पहिल्याने आणि खालचा अर्धा दुसऱ्याने झाकला, म्हणजे ठिपका पूर्ण काळा व्हायला हवा होता. पण संगणकाने ‘अर्धा’ एवढेच लक्षात ठेवले, ‘कोणता अर्धा’ हे नाही. रंग असे एकावर एक मिसळण्याचे नियम थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 साली लुकासफिल्ममध्ये असताना मांडले आणि आजही तेच वापरात आहेत. दोन आकारांच्या कडांचा एकमेकींशी संबंध नाही, हे त्यांतले गृहीतक. बहुतेक चित्रांत ते चालून जाते. कडेला कड भिडली की मात्र ते फसते.

रेघांची जागाही बोलकी आहे. दुसरा ठोकळा 125 वर संपतो, तिसरा 187.5 वर, चौथा 250 वर. म्हणून सात सांध्यांपैकी पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा एवढेच डागाळतात. मधले तीन स्वच्छ राहतात. क्रोममध्ये हेच पान 100 टक्क्यांच्या पडद्यावर उघडून झूम वाढवत गेले तर 110 वर काही दिसत नाही, 125 वर रेघा येतात, 150 वर जातात. रेघ अशी येत-जात असेल तर दोष पूर्णांकाच्या हिशोबात आहे, चित्रात खरी फट नाही, हे ओळखावे. खरी फट झूमबरोबर रुंदावते. ही रेघ एका ठिपक्यापेक्षा जाड होत नाही.

पानावरच्या साध्या चौकटींना ब्राउझर सहसा यातून वाचवतो. तो कडा जवळच्या पूर्ण ठिपक्यावर सरकवतो. मग एक ठोकळा 63 ठिपक्यांचा, पुढचा 62 चा होतो, पण सांधा बंद राहतो. मात्र हे काम कडांवरच करावे लागते. एखाद्या प्रोग्राममध्ये सुरुवात आणि उंची वेगवेगळी खाली उतरवली, तर पहिला 62 वर संपतो. दुसरा 62 वर सुरू होऊन आणखी 62 ठिपक्यांनी 124 वर थांबतो आणि तिसरा 125 वर सुरू होतो. तिथे पुसट रेघ नाही, एका ठिपक्याची धडधडीत फट पडते.

एसव्हीजीत ही मदत आपोआप मिळत नाही. तिथे आकाराला पुढील सूचना देता येते:

```
shape-rendering="crispEdges"
```

तिने सरळ कडा स्वच्छ होतात, पण तिरप्या कडांना पायऱ्या पडतात. प्रत्येक ठोकळा पुढच्याखाली थोडा सरकवून ठेवणे हा दुसरा मार्ग. रंग अर्धपारदर्शक असेल तर मात्र तिथे गडद रेघ येते. ठोकळे एकाच रंगाचे असतील तर ते एकच आकार म्हणून काढावेत. मग मध्ये सांधाच उरत नाही, आणि या पट्टीसाठी तोच उपाय सर्वांत चांगला. काम गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी ते 125 टक्क्यांवर एकदा जरूर पाहावे.